टायर काळा का, त्यावर खाचा कशाला आणि पकड येते कुठून?

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे. टायर काळेच का असतात, त्यांच्यावर खाचा का असतात आणि ते रस्त्याला धरून कसे राहतात, असे तीन प्रश्न तिनं एका दमात विचारले. खाचांमुळे पकड येते असं मी सांगितलं, तर म्हणाली, "मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर गुळगुळीत कसे?" आता मीच अडकलोय. तिला कळेल असं कुणी सांगेल का?

उत्तर:

मुलीची शंका अगदी बरोबर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर खाचांमुळे पकड वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. याचा ठसठशीत पुरावा शर्यतींमध्येच आहे. फॉर्म्युला वन शर्यतीत गाड्या वळणांवर फार वेगानं जायला लागल्या, तेव्हा त्यांचा वेग आटोक्यात आणण्यासाठी 1998 पासून कोरड्या ट्रॅकच्या टायरांवरही खाचा असायलाच हव्यात असा नियम केला गेला. पकड कमी व्हावी म्हणून मुद्दाम खाचा पाडायला लावल्या. हा नियम 2008 पर्यंत टिकला आणि 2009 मध्ये टायर पुन्हा गुळगुळीत झाले.

मी टायरच्या कारखान्यात रबराची मिश्रणं बनवण्याच्या विभागात काम करतो. शाळांच्या सहली येतात तेव्हा मुलांना माहिती द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं. हे तिन्ही प्रश्न दर वेळी येतात, आणि मुलं ते याच क्रमानं विचारतात. मी मात्र उत्तरं उलट्या क्रमानं देतो. आधी पकड, मग खाचा आणि शेवटी रंग. पकड कळली की खाचांचं काम आपोआप कळतं, आणि रबर रस्त्याशी किती झटतं हे लक्षात आलं की काळ्या रंगाचंही कारण सापडतं.

पकडीसाठी एक खोडरबर घ्या. काचेवरून किंवा गुळगुळीत फरशीवरून ते आधी नुसतं ठेवून सरकवा, मग दाबून सरकवा. दाबलं की ते अडतं, वाकतं आणि धक्के खात पुढे जातं. आता तेच खोडरबर खरखरीत भिंतीवर दाबून सरकवा आणि दाबलेलं असतानाच डोळे त्याच्या कडेजवळ नेऊन बघा. भिंतीवरच्या बारीक उंचवट्यांभोवती रबर आत-बाहेर झालेलं दिसेल. लाकडाचा तुकडा असा दाबला तर तो उंचवट्यांच्या टोकांवरच टेकून राहतो. रबर मऊ असल्यामुळे उंचवट्यांमधल्या खळग्यांत उतरतं, म्हणून ते पृष्ठभागाला कितीतरी जास्त ठिकाणी भिडतं. जिथे भिडतं तिथे ते थोडंसं चिकटतंही. हे चिकटणं डिंकासारखं टिकणारं नसतं, क्षणभराचंच असतं. पण हजारो ठिकाणी एकदम झालं की त्याचा जोर मोठा होतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती मुलांना सांगायची की नाही हे मूल किती चौकस आहे त्यावर ठरवा. रबर दाबलं की वाकतं आणि सोडलं की पूर्ववत होतं, पण लगेच होत नाही, किंचित उशीर लावतं. रस्त्यावरच्या खडीच्या दाण्यावरून रबर सरकायला लागलं की दाण्याच्या पुढच्या बाजूला ते जोरानं दाबलं जातं, आणि मागच्या बाजूला मात्र अजून परत आलेलं नसतं. त्यामुळे दाणा पुढून अडवतो, मागून कुणी ढकलत नाही, आणि सरकणं रोखलं जातं. चेंडूनं हे दाखवता येतं. उंच उसळणारा चेंडू घेतलेली जवळजवळ सगळी शक्ती परत देतो. मंद उसळणारा तिचा बराच भाग उष्णतेच्या रूपात स्वतःतच जिरवतो. चांगल्या पकडीचं रबर साधारणपणे या दुसऱ्या प्रकारचं असतं. त्याची किंमत म्हणजे असा टायर फिरताना जास्त तापतो आणि गाडीला इंधन थोडं जास्त लागतं. रबर किती मंद ठेवायचं, यावर आमच्या विभागात सगळ्यात जास्त डोकं लढवलं जातं.

फिरतं चाक रस्त्यावर घासत जातं, असं मुलांना वाटतं. तसं होत नाही, आणि हे सायकलवर पाच मिनिटांत दाखवता येतं. खडू पाण्यात कालवून दाट लगदा करा आणि सायकलच्या टायरवर एकाच ठिकाणी त्याचा ठिपका लावा. सायकल हातानं धरून सरळ चालवत न्या. जमिनीवर ठरावीक अंतरानं ठिपक्याचे ठसे उमटतील आणि ते बहुतेक स्वच्छ असतील, ओढल्यासारखे लांबट नसतील. म्हणजे टायरचा जो भाग जमिनीला टेकतो, तो टेकलेला असेपर्यंत जमिनीच्या मानानं थांबलेलाच असतो. तो वरून येतो, टेकतो आणि सरळ उचलला जातो. आता पुन्हा ठिपका लावा, तो जमिनीवर टेकल्याबरोबर ब्रेक घट्ट दाबून चाक बंद करा आणि सायकल थोडी पुढे ओढा. ठशाचा फराटा होईल. पकड सुटणं म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसतं. टायर असा फराटत जायला लागला की पकड कमी होते आणि हँडल वळवूनही गाडी हवी तिकडे वळत नाही. मोटारींमधल्या एबीएसचं काम एवढंच असतं, की चालकानं कितीही जोरात ब्रेक दाबला तरी चाक पूर्ण बंद पडू द्यायचं नाही.

आता ही सगळी पकड केवढ्या जागेवर असते? यासाठी उभी असलेली मोटार हवी. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि मोठं माणूस शेजारी हवंच. कागदाच्या चार पट्ट्या घ्या आणि एका टायरखाली पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत हलकेच सरकवा. पट्ट्यांच्या टोकांमध्ये जी चौकट राहते, तेवढाच टायर रस्त्याला टेकलेला असतो. मुलांना ती जागा फारच लहान वाटते. हिशोबही तेच सांगतो. माणसांसकट 1200 किलोची गाडी धरा. चार चाकांवर वजन सारखं वाटलं तर एका चाकावर 300 किलो. टायरमधली हवा 32 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा दाब. 300 ला सव्वादोननं भागलं की सुमारे 133 चौरस सेंटिमीटर येतात. मोठ्या माणसाचा पंजा बोटांसकट जेवढा भरेल तेवढी ही जागा. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडा भार घेतात, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच आहे, पण फार चुकीचा नाही. गाडी थांबवणं, वळवणं, पळवणं हे सगळं अशा चार पंजांएवढ्या रबरावर चालतं.

मुलीला इथवर एवढंच सांगा, की रबर मऊ असतं, रस्त्याच्या खळग्यांत शिरून त्याला भिडतं, आणि जितकं जास्त भिडेल तितकी पकड चांगली. हे पटलं की शर्यतीचा टायर गुळगुळीत का, हे ती स्वतःच सांगेल. खाच म्हणजे रबर नसलेली जागा, आणि जिथे रबर नाही तिथे भिडणार काय?

मग रोजच्या गाडीला खाचा कशाला? पाण्यासाठी. शर्यतीत पाऊस आला की संघ धावत-पळत टायर बदलतात आणि खाचांचे टायर चढवतात. रस्त्यावरच्या गाडीला पाऊस आल्यावर टायर बदलायची सोय नसते, म्हणून ती कोरड्यातली थोडी पकड कायमची सोडून देते आणि पावसाची तयारी अंगावर बाळगून फिरते.

पाणी नेमकं काय बिघडवतं? ते रबर आणि रस्ता यांच्या मध्ये येतं. पाणी दाबून लहान होत नाही. त्याला बाजूलाच व्हावं लागतं, आणि बाजूला व्हायला वेळ लागतो. सावकाश चालणाऱ्या गाडीच्या टायरखालून ते आरामात निघून जातं. वेग वाढला की वेळ कमी पडतो. इथे मी मुलांकडून एक हिशोब करून घेतो. आठ वर्षांच्या मुलीला तो कदाचित जड जाईल, पण तुम्ही दोघं मिळून कागदावर करू शकाल.

टायर रस्त्याला 16 सेंटिमीटर रुंदीत टेकतो असं धरू. रस्त्यावर 2 मिलिमीटर पाणी साचलंय. गाडीचा वेग ताशी 80 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. मग एका सेकंदात टायरच्या वाटेत किती पाणी येतं? रुंदी 16 सेंटिमीटर, उंची 0.2 सेंटिमीटर आणि लांबी 2200 सेंटिमीटर. गुणाकार केला की सुमारे 7000 घन सेंटिमीटर येतात, म्हणजे 7 लिटर. दर सेकंदाला, एकेका पुढच्या चाकाला, 7 लिटर पाणी हटवायचं. आणि वेळ किती? टेकलेला भाग 12 सेंटिमीटर लांब धरला तर खाचांच्या मधला रबराचा कुठलाही ठोकळा रस्त्यावर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरताच टेकलेला असतो. एवढ्यात खालचं पाणी निघून रबर रस्त्याला भिडायला हवं.

सगळं पाणी कडेपर्यंत ढकलत नेणं एवढ्या वेळात होत नाही. खाच असली की पाण्याला फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या खाचेपर्यंत एखाद-दोन सेंटिमीटर सरकलं तरी पुरतं. पण खाचेत जागा हवी ना? तेही मोजू. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते. 16 सेंटिमीटर रुंदीतला तीस टक्के भाग खाचांचा धरला तर खाचांची एकूण रुंदी होते 4.8 सेंटिमीटर. त्याला 0.8 नं गुणलं की 3.84 चौरस सेंटिमीटर. टायर आडवा कापून पाहिला तर खाचांची पोकळी एवढी दिसेल. समोर येणाऱ्या पाण्याचा आडवा छेद 16 गुणिले 0.2, म्हणजे 3.2 चौरस सेंटिमीटर. याचा अर्थ नव्या टायरच्या खाचांत वाटेतलं सगळं पाणी मावतं आणि वर थोडी जागा उरते.

आता तोच टायर झिजून खाच 1.6 मिलिमीटरच उरली असं समजा. बऱ्याच देशांत मोटारीच्या टायरसाठी कायद्यानं चालणारी ही किमान खोली आहे. 4.8 गुणिले 0.16 केलं की जेमतेम 0.77 चौरस सेंटिमीटर. पाणी तेवढंच आहे, पण त्याचा चौथा भागच आता खाचांत मावतो. उरलेलं तीन चतुर्थांश पाणी कडेनं बाहेर पडायला धडपडतं, काही रस्त्याच्या खडबडीत भेगांत शिरतं, आणि जे उरतं ते टायरच्या पुढे साठत जातं. वेग आणखी वाढला की त्याची पाचर टायरखाली घुसते, टायर पाण्यावर चढतो आणि रस्त्याला भिडणंच बंद होतं. चालकाला हे कळतं, कारण स्टीअरिंग एकदम हलकं होतं, वळवलं तरी गाडी सरळच जाते, आणि पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत इंजिनाचा आवाज मध्येच चढतो. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढायचा आणि स्टीअरिंग सरळ धरून वेग उतरू द्यायचा. वेग उतरला की पाण्याला निघून जायला वेळ मिळतो आणि टायर पुन्हा खाली टेकतो.

या हिशोबात मी बरंच सोपं करून घेतलंय. रस्ता किती खरखरीत, टायर किती रुंद, हवा किती, गाडी कुठली, यावर खरे आकडे हलतात. हवा कमी असेल तर टायर पाण्यावर लवकर चढतो, कारण पाण्याला दाबून हटवायचा जोरच कमी पडतो. पण झिजलेल्या टायरचं चित्र कुठल्याही आकड्यांनी तेच येतं. म्हणून 1.6 मिलिमीटर खाच उरलेला टायर कायद्यात बसला तरी मुसळधार पावसात त्यावर वेगानं जाऊ नये, असं मी मोठ्यांना आवर्जून सांगतो. उभ्या गाडीच्या खाचेत बोट घालून मुलीला एक गोष्ट शोधायला लावा. खाचेच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे बांध असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. बांधाची उंची 1.6 मिलिमीटर असते. भोवतालचं रबर झिजून बांधाच्या पातळीला आलं की टायर बदलायची वेळ झाली, हे मोजपट्टीशिवाय कळतं.

पाऊस नुकता थांबलेला असताना ओल्या रस्त्यावरून गाडी गेली की लगेच तिच्या मागचा पट्टा बघा. त्यात लांब फिकट रेघा आणि मध्ये ओल्या गडद रेघा दिसतात. फिकट रेघेच्या जागी ठोकळ्यानं पाणी हटवून रस्त्याला स्पर्श केला होता. गडद रेघेच्या जागी खाच होती आणि पाणी तिच्यातून गेलं. काही क्षणांत रेघा पुसल्या जातात, त्यामुळे नजर तयार ठेवावी लागते. खाचा काय करतात हे मुलांना पटवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

खाचांबद्दल दोन अपवाद सांगायला हवेत, कारण मुलं ते हमखास काढतात. पहिला चिखलाचा. ट्रॅक्टरच्या टायरवरचे मोठाले उंचवटे पाण्यासाठी नसतात. मऊ जमिनीत ते रुततात आणि मातीला मागे रेटून पुढे जातात. तिथे खाचांमुळे पकड येते हे तुमचं उत्तर पूर्ण खरं आहे. बर्फावरही खाचा आणि ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा अशाच उपयोगी पडतात. दुसरा अपवाद तिच्या स्वतःच्या सायकलचा. पक्क्या रस्त्यावर सायकलच्या टायरला खाचा असल्या काय आणि नसल्या काय, फारसा फरक पडत नाही. तो अरुंद आणि गोलसर असतो, वेगही कमी असतो, त्यामुळे पाणी सहज बाजूला होतं आणि सायकल पाण्यावर चढत नाही. ओल्यात सायकल घसरते ती बहुतेक वेळा गुळगुळीत फरशी, रंगवलेले पट्टे किंवा लोखंडी झाकणं यांच्यावर, कारण तिथे रबराला शिरायला खळगेच नसतात.

आता रंगाकडे येऊ. रबर मुळात काळं नसतं. झाडाचा चीक दुधासारखा पांढरा असतो. तो गोठवून, धुरी देऊन वाळवलेल्या लाद्या आमच्याकडे येतात त्या मधाच्या रंगाच्या असतात. पातळ तुकडा उजेडात धरला तर आरपार पिवळसर दिसतो. अशा लाद्या मिक्सरमध्ये जातात, वरून काळी पूड पडते आणि काही मिनिटांनी खाली जे येतं ते इतकं काळं असतं, की आत पिवळं काही गेलं होतं यावर सहलीतल्या मुलांचा विश्वास बसत नाही. सुरुवातीच्या मोटारींचे टायर फिकटच असत. त्यांच्यात झिंक ऑक्साइड घातलेलं असे आणि त्यानं ते पांढरट दिसत. काळी पूड भरपूर घालायची पद्धत 1910 च्या दशकात रुळली आणि मग टायर काळे झाले.

या पुडीचं नाव कार्बन ब्लॅक. जड तेल मुद्दाम अपुऱ्या हवेत जाळून ती बनवतात, म्हणजे एका प्रकारची नीट ताब्यात ठेवलेली काजळीच. ती रंगासाठी घालत नाहीत. रंग तिच्याबरोबर आपोआप येतो. ती घालतात ती टायर झिजू नये म्हणून.

मुलांना मी असं सांगतो: रबर आतून लांबच लांब दोऱ्यांच्या गुंत्यासारखं असतं. गंधक घालून तापवलं की हे दोरे अधूनमधून एकमेकांना गाठींनी बांधले जातात, म्हणून रबर ताणलं तरी परत येतं. पण रस्त्याच्या टोकदार खडीनं ओरबाडलं की दोरे एकेक करून तुटतात आणि रबराचे कण सुटे होतात. कार्बन ब्लॅकचे कण या गुंत्यात जागोजागी बसतात आणि आजूबाजूचे पुष्कळ दोरे त्यांना चिकटतात. मग एका दोऱ्यावर ताण आला की तो कणामार्फत बाकीच्या दोऱ्यांत वाटला जातो आणि एकच दोरा तुटायची वेळ येत नाही.

हे जमायला कण फार बारीक लागतात. रस्त्याला टेकणाऱ्या रबरात जो कार्बन ब्लॅक घालतात, त्याचा एक कण साधारण 20 ते 30 नॅनोमीटरचा असतो. असे तीस हजारांहून जास्त कण एका ओळीत ठेवले तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. जितके कण बारीक, तितकी रबराला चिकटायला जागा जास्त. अशा एक ग्रॅम पुडीतल्या सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग 80 चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरतो. प्रमाणही थोडंथोडकं नसतं. 100 किलो रबराला साधारण 50 किलो पूड जाते. चिमूटभर रंगासाठी कुणी एवढी पूड घालणार नाही, हे मुलांनाही लगेच पटतं.

मिक्सरमध्ये ही पूड नीट पसरली नाही, तिच्या गुठळ्या राहिल्या, तर तेच रबर कमकुवत होतं, कारण चीर पडायला गुठळीपासूनच सुरुवात होते. म्हणून आम्ही मिश्रणाचा तुकडा नव्या ब्लेडनं कापतो आणि कापलेली बाजू भिंगाखाली तपासतो. ती एकसारखी गुळगुळीत दिसायला हवी. बारीक पुटकुळ्या दिसल्या तर मिश्रण पुढे जात नाही.

काळेपणाचा एक खरा फायदाही आहे. उन्हातले अतिनील किरण रबराचे दोरे तोडतात. साधा रबरबँड खिडकीत उन्हात ठेवला तर काही दिवसांत चिकट होतो किंवा तडकतो. कार्बन ब्लॅक हे किरण वरच्या वरच शोषून घेतो, त्यामुळे आतलं रबर वाचतं. हवेतल्या ओझोनपासून मात्र तो वाचवत नाही. त्यासाठी मेण आणि काही वेगळी रसायनं घालावी लागतात, ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात, आणि टायरच्या बाजूवर कधीकधी तपकिरी छटा दिसते ती त्यांचीच.

मुलगी नक्की विचारेल, की मग सायकलला लाल-निळे टायर कसे असतात. कार्बन ब्लॅकऐवजी सिलिकाची पांढरी पूड घालता येते, आणि मग रबराला हवा तो रंग देता येतो. मोटारींच्या आजच्या बऱ्याच टायरांत सिलिका असतोच, कारण त्यानं ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते आणि इंधनही वाचतं. तरी ते टायर काळेच राहतात. उन्हापासून बचावासाठी थोडा कार्बन ब्लॅक लागतोच. शिवाय सिलिकाच्या रबरातून वीज वाहत नाही. चालत्या गाडीवर साठणारा स्थिर विद्युतभार रस्त्यात उतरून जावा म्हणून काही टायरांत रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या मधोमध कार्बन ब्लॅकच्या रबराची बारीक पट्टी आरपार बसवलेली असते.

पूर्ण पांढरे किंवा राखाडी टायर पाहायचे असतील तर मोठ्या गोदामांतल्या फोर्कलिफ्ट बघा. स्वच्छ फरशीवर काळे डाग पडू नयेत म्हणून तिथे कार्बन ब्लॅकशिवायचे टायर वापरतात. ते काळ्या टायरांपेक्षा लवकर झिजतात, आणि विद्युतभार उतरवायला गाडीखाली जमिनीवर घासणारी पट्टी लावावी लागते. गोदामात हे चालतं, कारण तिथे वेग कमी, ऊन नाही आणि फरशी सपाट असते. मोकळ्या रस्त्यावर, उन्हात आणि खडीवर धावणाऱ्या गाडीला मात्र ते परवडत नाही, म्हणून तिचा टायर काळाच असतो.